मोटर फिरली, पण गुण किती?

दहावीला 88 टक्के आणि आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमाला 68 टक्के मिळवलेला एक मुलगा घ्या. दुसरा घ्या दहावीला जेमतेम 54 वाला, पण आयटीआयला 82. देवरूखच्या आयटीआयतून काय किंवा कोकणातल्या कुठल्याही आयटीआयतून काय, दर वर्षी हे दोन्ही तऱ्हेचे मुलगे बाहेर पडतात. यातला कोण तुमच्या कारखान्याचं पॅनेल नीट सांभाळेल, असं विचारलं तर बहुतेकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतील. पण नोकरी देणाऱ्यांचे नियम तसं म्हणतातच असं नाही.

रेल्वेचे विभाग आणि कारखाने अप्रेंटिस भरतात तेव्हा दहावीची टक्केवारी आणि आयटीआयची टक्केवारी यांची सरासरी काढून गुणवत्ता यादी लावतात. दोन्हींना वजन सारखंच. या हिशेबात पहिल्याला 78 पडतात, दुसऱ्याला 68, आणि पहिला यादीत दहा गुणांनी वर जातो. महावितरणने 2019 मध्ये विद्युत सहाय्यकांच्या 5000 जागांची जाहिरात काढली, तेव्हा आयटीआयचं प्रमाणपत्र पात्रतेसाठी होतं आणि निवड दहावीच्या गुणांवर होती. तिथे तर 88 विरुद्ध 54 असा एकतर्फी सामना. पुढच्या मोठ्या भरतीत, म्हणजे 5347 जागांच्या जाहिरातीत, महावितरणने ऑनलाइन परीक्षा आणली आणि 150 पैकी 110 गुण व्यवसायाच्या ज्ञानाला ठेवले. आता दुसऱ्याला संधी आहे. आणि माझगाव डॉकच्या कुशल कामगारांच्या भरतीत लेखी परीक्षेला 30, जहाजबांधणीतल्या अनुभवाला 20 आणि प्रत्यक्ष कामाच्या चाचणीला 50 असं वजन राहिलेलं आहे. तिथे दहावीचे टक्के कुणी विचारात घेत नाही. हात काय करतात ते बघतात.

मुलगे तेच, पण चारही याद्यांमध्ये त्यांचा क्रम एकच नाही. यातली कुठलीही पद्धत मूर्खपणाची आहे असं मला म्हणायचं नाही. अप्रेंटिसला काम येत नसतंच, ते शिकवायलाच त्याला घ्यायचं असतं, त्यामुळे शिकण्याची सवय दाखवणारे दहावीचे गुण तिथे अगदीच गैरलागू नाहीत. हजारोंच्या संख्येने अर्ज येतात तिथे प्रत्येकाच्या हातात पक्कड देऊन बघणं शक्यही नसतं. पण देवरूखजवळच्या साडवलीत एखादा काजूवाला किंवा छोट्या इस्पितळाचा चालक एक इलेक्ट्रिशियन शोधतो, तेव्हा त्याच्याकडे अर्ज येतात सहा-सात. त्याला सगळ्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेता येते. तरीही तो घेत नाही. फाईल उघडतो, ‘किती वर्षं काम केलंत?’ विचारतो, मग ‘कुठल्या वाडीतले तुम्ही?’ विचारतो, आणि निवड होऊन जाते. मोठ्यांना जे परवडत नाही ते करण्याची सोय असून लहानांनी ती वाया घालवावी, हे मला पटत नाही. म्हणून हा लेख त्या सहा-सात अर्जांबद्दल आहे.

सुरुवात कागदांपासून करू, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. प्रमाणपत्राला गुण द्यायचे नसतात. ते आहे की नाही, एवढंच बघायचं. विजेच्या कामात तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वीजसंचाचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, तेही सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातून. हे नियम 2010 चे होते, त्यांची जागा आता 2023 च्या नियमांनी घेतली आहे; गाभा तोच. तेव्हा वायरमनचा परवाना असेल तर दहा गुण आणि नसेल तर शून्य, ही मांडणीच चुकीची. ज्या कामाला परवाना लागतो, तिथे तो नसलेला उमेदवार बाकीच्या गोष्टींत कितीही गुण मिळवो, त्या कामावर एकटा उभा राहू शकत नाही. अपघात झाला की पहिला प्रश्न तोच येतो.

आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘एनसीव्हीटी’ म्हणतात, त्याचं काय? वीजतंत्री आणि जोडारी हे दोन्ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला 60 टक्के लागतात, बाकीच्या विषयांना 33. म्हणजे ज्यांनी हा अभ्यासक्रम आखला त्यांनीही हाताच्या कामाचा उंबरठा लेखी विषयांच्या जवळपास दुप्पट ठेवला आहे. म्हणूनच गुणपत्रिका बघायचीच असेल तर एकूण टक्केवारी बघू नका, प्रात्यक्षिकाची ओळ शोधा. एकूण 80 दोन उमेदवारांचे असू शकतात आणि त्या ओळीत मोठा फरक असू शकतो. दुसरी खबरदारी कालावधीची. काही आठवड्यांच्या कौशल्य अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्रही छान रंगीत, शिक्क्यासह असतं आणि फाईलमध्ये ते दोन वर्षांच्या प्रमाणपत्राशेजारी बसलं की सारखंच दिसतं. अभ्यासक्रम किती तासांचा, हे कागदावरच लिहिलेलं असतं. तेवढं वाचायचं. आणि एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र शासनाच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून पडताळता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करणारा मालक विरळाच.

या सगळ्या कागदांत एक कागद मात्र मी वेगळा काढून ठेवीन, तो म्हणजे अप्रेंटिसशिपचा. राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळवणाऱ्याने कारखान्यात प्रत्यक्ष काम केलेलं असतं आणि त्यानंतर परीक्षाही दिलेली असते. अनुभवाचे बाकी सगळे दाखले कुणीतरी सही करून दिलेले असतात. अनुभव तपासून मग दिलेला कागद हा एवढाच.

आता त्या अनुभवाकडे येऊ. ‘दहा वर्षांचा अनुभव’ हे शब्द ऐकले की आपण अर्धी लढाई जिंकली असं समजतो. माणसं निवडण्याच्या पद्धतींवर अमेरिकेत खूप संशोधन झालं आहे, आणि 1998 मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी 85 वर्षांच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. निवडीच्या वेळी जे मोजलं त्याचा पुढे प्रत्यक्ष कामाशी किती संबंध निघाला, हे त्यांनी 0 ते 1 अशा मापावर दाखवलं. कामाचा नमुना करून घेण्याच्या चाचणीला 0.54 मिळाले, अनुभवाच्या वर्षांना फक्त 0.18. पुढे 2022 मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले, तेव्हा बहुतेक खाली आले: कामाचा नमुना 0.33 वर, अनुभवाची वर्षं 0.07 वर. आकडे उतरले, पण दोघांमधलं अंतर काही मिटलं नाही. आणि सर्वांत वर कोण राहिलं, तर सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत, 0.42. गप्पा मारत घेतलेली नव्हे.

वर्षं एवढी कमकुवत का ठरतात, हे आपल्याकडे बघूनही कळतं. मुंबईत बारा वर्षं फ्लॅटचं वायरिंग केलेल्या माणसाने बारा वर्षांत थ्री-फेज मोटर उघडलेली नसते. त्याने पहिलं एक वर्ष बारा वेळा केलेलं असतं. पहिल्या तीन-चार-पाच वर्षांत माणूस भराभर शिकतो, पुढे बहुतेकांचं शिकणं मंदावतं. त्यामुळे अनुभवाला गुण द्यायचेच तर ते जुळणाऱ्या कामाच्या वर्षांना द्यावेत आणि पाच वर्षांवर कुलूप लावावं. माझगाव डॉकच्या वाटणीत ‘जहाजबांधणीतला’ अनुभव म्हटलं आहे, नुसता अनुभव नाही. त्या एका शब्दात सगळं आलं.

आता खरी परीक्षा. समजा, काजूच्या कारखान्यात देखभालीसाठी एक इलेक्ट्रिशियन हवा आहे. तिथे त्याला रोज काय करावं लागेल? ड्रायरचे पंखे, पाण्याचे पंप, कन्व्हेयर यांच्या तीन ते पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी चालत्या ठेवायच्या, स्टार्टर सांभाळायचे, आणि काही बंद पडलं की का बंद पडलं ते शोधायचं. मग परीक्षाही त्याचीच घ्यायची. एका लाकडी बोर्डावर पाच हॉर्सपॉवरच्या मोटरचा डीओएल स्टार्टर सुटा करून ठेवा: कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, एक हिरवं बटण, एक लाल. शेजारी मोटर. ‘हे जोडून चालवून दाखवा, वेळ एक तास.’ बोर्डाला पुरवठा 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच द्या, आणि जोडणी दुसऱ्या जाणकाराने तपासल्याशिवाय वीज सोडू नका.

तासाभरात मोटर फिरते. मालक खूश होतो आणि पैकीच्या पैकी गुण देतो. गडबड इथेच होते, कारण मोटर फिरवणं हा या कामातला सोपा भाग आहे. बारकाईने बघण्याजोग्या जागा तीन.

पहिली, हिरवं बटण सोडल्यावर मोटर चालू राहते का? कॉन्टॅक्टरचा 13-14 हा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला नसेल तर बोट उचलताच मोटर थांबते. ही चूक लगेच दिसते आणि बहुतेक मुलं ती स्वतःच दुरुस्त करतात. दुसरी जागा फसवी आहे. ओव्हरलोड रिलेवर 95-96 असे दोन स्क्रू असतात. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा रस्ता त्यांच्यातून गेला पाहिजे, म्हणजे मोटरने जास्त करंट घेतला की रिले तो रस्ता तोडतो आणि मोटर सुटते. घाईत किंवा मुद्दाम हे दोन स्क्रू वगळले तरी मोटर झकास चालते. बटणं झकास काम करतात. फरक कळतो तो पावसाळ्यात कुठेतरी फांदी पडून एक फेज जातो तेव्हा. मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते, करंट वाढतो, रिले आपल्यापुरता ट्रिप होतो, पण कॉन्टॅक्टर काही सुटत नाही आणि वाइंडिंग जळतं. तेव्हा परीक्षकाने मोटर चालू असताना रिलेवरचं छोटं टेस्ट बटण दाबायचं. मोटर थांबली तर जोडणी खरी. थांबली नाही तर ती नुसती फिरणारी मोटर आहे. मुद्दाम म्हटलं ते यासाठी, की वारंवार ट्रिप होणाऱ्या रिलेला कायमचं गप्प करण्याची ही जुनी युक्ती आहे आणि ती अनुभवी माणसांनाच माहीत असते.

तिसरी जागा रिलेची चकती. परीक्षेआधी ती सर्वांत वरच्या आकड्यावर फिरवून ठेवा, समजा 10 अँपिअरवर. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरच्या पाटीवर करंट साधारण साडेसातच्या आसपास लिहिलेला असतो. काहीही न सांगता जो उमेदवार वाकून पाटी वाचतो आणि चकती त्या आकड्यावर आणतो, त्याला हे काम समजलं आहे.

या जोडणीला 35 गुण ठेवले, तर ते असे फोडता येतील: मोटर नीट सुरू होणं, धरून राहणं आणि थांबणं याला 15, संरक्षणाला 12 आणि सफाईला 8. सफाई म्हणजे दिसणं नव्हे. लग नीट दाबलेत का, स्क्रूखाली तारेचा एखादा केस बाहेर राहिला आहे का, तार ओढली तर निसटते का, एवढंच. दुसरं काम बिघाड शोधण्याचं, 25 गुणांचं. एका छोट्या सर्किटमध्ये आधीच दोन बिघाड पेरून ठेवायचे, जसं सैल न्यूट्रल आणि अर्थला टेकलेली ओली वायर, आणि बघायचं की उमेदवार दिसेल ते बदलत सुटतो की मोजत मोजत जवळ येतो. ज्याला मेगर मागावासा वाटला त्याचे गुण वाढतात. 500 व्होल्टवर एक मेगओमपेक्षा कमी आलं तर इन्शुलेशन गेलं, हे त्याला तोंडपाठ असायला हवं.

गुण नेमके किती द्यायचे, हा प्रश्न प्रशिक्षण महासंचालनालयाने आयटीआयसाठी बऱ्यापैकी सोडवलेला आहे. त्यांच्या अभ्यासक्रमांत मूल्यमापनाच्या पायऱ्या दिलेल्या असतात. अधूनमधून मदत घेऊन स्वीकारण्याजोगं काम केलं तर 60 ते 75 टक्के, थोड्या मदतीने बरं काम केलं तर 75 ते 90, आणि जवळपास विनामदत उत्तम काम केलं तर 90 च्या वर. मला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते ती मदतीची मोजणी. ‘चांगलं’ आणि ‘फार चांगलं’ यावर दोन परीक्षकांचं कधी एकमत होत नाही. पण उमेदवाराने किती वेळा विचारलं, हे मोजता येतं. प्रत्येक वेळी कागदावर एक रेघ मारायची.

आता तीन उमेदवार घेऊन हिशेब करून बघू. हे उमेदवार मी कल्पिले आहेत, पण असे लोक तुम्हाला माहीत असतील. पहिला तोच, 88 आणि 68 वाला, नुकताच बाहेर पडलेला. दुसरा 54 आणि 82 वाला, मध्यंतरी तीन वर्षं लोट्याच्या एका कंपनीत देखभालीला होता. तिसरा मुंबईहून परत आलेला चाळिशीचा गृहस्थ. आयटीआय नाही, पण वायरमनचा परवाना आहे, आणि एका ठेकेदाराकडे बारा वर्षं कारखान्यांचीच कामं केली आहेत. प्रत्यक्ष कामाला 60, ठरलेल्या प्रश्नांच्या तोंडी परीक्षेला 25 आणि जुळणाऱ्या अनुभवाला वर्षाला 3 प्रमाणे जास्तीत जास्त 15, असे 100 गुण.

पहिल्याने जोडणी केली, दोनदा विचारलं, 95-96 जोडले पण चकतीकडे पाहिलं नाही: 20. बिघाडात एक सापडला: 10. तोंडी 12, अनुभव शून्य. एकूण 42. दुसऱ्याने जोडणीत संरक्षणाचे पूर्ण 12 घेऊन 30 मिळवले, बिघाडात 20, तोंडी 19, अनुभवाचे 9. एकूण 78. तिसऱ्याने पंचवीस मिनिटांत मोटर फिरवली, न विचारता, सफाईने. पण टेस्ट बटण दाबलं आणि मोटर थांबलीच नाही. संरक्षणात चकतीचे 2 मिळाले, जोडणी 24. बिघाड मात्र त्याने इतरांच्या निम्म्या वेळात शोधले, 23. तोंडी 20, अनुभवाचे पूर्ण 15. एकूण 82.

रेल्वेच्या सरासरीत पहिला दहा गुणांनी पुढे होता, इथे तो दुसऱ्यापेक्षा 36 गुणांनी मागे आहे. ते ठीकच. खरा पेच 82 आणि 78 चा आहे. बेरीज म्हणते तिसऱ्याला घ्या. आणि बेरजेवर भरवसा ठेवणारे इथेच फसतात, कारण एक नोंद बेरजेत कुठेच नाही. बिघाड शोधताना तिसऱ्याने एमसीबी खाली केला आणि मेली आहे की नाही हे बघायला तारेला हाताची उलटी बाजू लावली.

जुन्या कामगारांमध्ये ही सवय सर्रास आहे. शॉक बसला तर हात आपोआप मागे येतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र. बरोबर रीत अशी: वीज तोडायची, ती दुसरा कुणी सुरू करणार नाही अशी कुलूप किंवा पाटी लावायची, मग आपलं मोजण्याचं साधन आधी एखाद्या जिवंत जागी लावून ते चालतं याची खात्री करायची, मग कामाच्या जागी तिन्ही फेज आणि न्यूट्रल तपासायचे, आणि शेवटी साधन पुन्हा जिवंत जागी लावून बघायचं. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबायचं नाही; माणूस कोरड्या रबरी चटईवर उभा असेल तर तो जिवंत तारेवरही पेटेलच असं नाही. या रीतीला गुण ठेवायचे नाहीत. कारण गुण ठेवले की ते दुसरीकडून भरून काढता येतात, आणि तिसऱ्याने नेमकं तेच केलं: बारा वर्षांच्या पंधरा गुणांनी त्याने ही उणीव झाकली. परवान्यासारखीच ही अट आहे. पाळली तर पुढची बेरीज, नाही तर बेरीज करायचीच नाही.

म्हणून या पदावर दुसऱ्याला घ्यावं, असा माझा निर्णय आहे. तिसऱ्याचा कागद मात्र फाडू नये. बिघाड शोधण्यात 25 पैकी 23 मिळवणारा माणूस सहजी मिळत नाही. सवय बदलता येते, आणि ती बदलली की पुन्हा परीक्षा घ्यावी. उलट पहिल्यासारखा मुलगा लाजरेपणाने हात आखडून काम करत असला, तरी त्याच्या वागण्यात धोका नसतो. त्याला अप्रेंटिस म्हणून घेतला तर दोन वर्षांत तो कुठे पोहोचेल सांगता येत नाही.

तोंडी परीक्षेबद्दल थोडं. ‘ओहमचा नियम सांगा’ असले प्रश्न विचारू नयेत. त्यासाठी आयटीआयची लेखी परीक्षा झालेली आहे. सगळ्यांना तेच चार-पाच प्रश्न विचारावेत आणि ते इथल्याच कामातले असावेत. उदाहरणार्थ: ‘लाईट गेली आहे. तुम्ही महावितरणकडचा मेन स्विच बंद केलात. आता पॅनेल उघडाल का?’ जो लगेच हो म्हणतो तो जनरेटर विसरला. चांगला माणूस उलट विचारतो, ‘जनरेटरला चेंजओव्हर आहे का? ऑटो आहे की हाताने टाकायचा?’ दुसरा प्रश्न: ‘मे महिन्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढलाय, पावसाळ्यात ठीक होता. का?’ आपल्या जांभ्याचं पाणी आटलं की तो वीज नीट जमिनीत जाऊ देत नाही, म्हणून इलेक्ट्रोड आणखी खोल न्यावा किंवा दोन-तीन समांतर टाकावेत, हे उत्तर पुस्तकात असलं तरी ते पटकन सुचतं ते कोकणात काम केलेल्यालाच. आणि तिसरा प्रश्न त्याच्याच फाईलमधून: ‘तुमच्या हातून दुरुस्त झालेली शेवटची मोटर कुठली, आणि ती जळली कशाने?’ खोटा अनुभव इथे पाच मिनिटांत उघडा पडतो. ज्याने काम केलेलं नाही तो ‘लोड जास्त झाला’ म्हणून थांबतो. ज्याने केलं आहे तो बेअरिंगचा आवाज, वाइंडिंगचा वास, काळा पडलेला फेज यांच्याबद्दल बोलायला लागतो आणि त्याला आवरावं लागतं.

फिटरची परीक्षा घ्यायची असेल तर मार्ग तोच, काम वेगळं. आयटीआयत जोडाऱ्याला फाइल घासून एकात एक बसणारे तुकडे करायला लावतात आणि ते उजेडासमोर धरून फट बघतात. हाताची शिस्त कळायला ही परीक्षा उत्तम आहे. पण तुम्हाला देखभालीचा फिटर हवा असेल तर त्याला पंप आणि मोटरचं कपलिंग एका रेषेत आणायला द्या. तो पायाखालच्या शिम बदलून डायल गेजने मोजतो की डोळ्याने बघून बोल्ट आवळतो, ते बघा. बेअरिंग काढताना त्याने पुलर मागितला की हातोडा उचलला, हेही लिहून ठेवा. बोल्ट आवळल्यानंतर तो पुन्हा मोजतो का? आवळताना मोटर किंचित सरकते, आणि हे ज्याला माहीत आहे तो दुसऱ्यांदा गेज लावल्याशिवाय हात पुसत नाही.

परीक्षक दोन असावेत आणि त्यातला एक तरी स्वतः काम केलेला असावा. दोघांनी आपापले गुण आधी लिहावेत, मग एकमेकांशी बोलावं. उलट झालं तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच गुण दोन्ही कागदांवर येतात. गावात तर हे जास्तच लागू आहे, कारण उमेदवार कुणाचा तरी भाचा असतो. काम सगळ्यांना सारखं, हत्यारं सारखी, वेळ सारखा. एकाला नवा स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्याला टोक झिजलेला मिळाला, तर जी परीक्षा झाली ती स्क्रूड्रायव्हरची.

या सगळ्याला मर्यादा आहेतच. एका दिवसाच्या चाचणीत माणूस सावध असतो. रात्री दोनला पंप बंद पडला तर तो येईल का, नोंदवहीत खरं लिहील का, गणपतीत थांबेल का, यातलं काहीही बोर्डावर दिसत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोकणात सगळ्यांना ठाऊकच आहे. यासाठी तीन महिन्यांची उमेदवारी असते, आणि ती संपताना पहिल्या दिवसाचा कागद काढून बघायचा असतो. ज्या कामाला तेव्हा भरपूर गुण दिले होते तिथेच माणूस अडखळत असेल, तर पुढच्या वेळी परीक्षाच बदलावी लागेल.

आणि मालकांना एक विनंती. चाचणीला बोलावलेला माणूस त्या दिवसाची मजुरी बुडवून, कुठूनतरी एसटीने येतो. त्याला दिवसाची मजुरी आणि भाडं द्या, आणि ज्याला घेतलं नाही त्यालाही त्याचा गुणांचा कागद दाखवा. 95-96 चे दोन स्क्रू राहिले म्हणून गुण गेले, हे त्याला कळलं तर पुढच्या कारखान्यात तो ते जोडेल.